तप आणि आत्मपीडा
(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७ : श्लोक ५, ६ व १४ ते १९ यांचा विचार)

गीतेच्या सतराव्या अध्यायाला श्रद्धात्रयविभागयोग असे नाव आहे, हे अभ्यासू वाचकांस ठाऊकच आहे. या अध्यायाचा आरंभ अर्जुनाच्या प्रश्नाने होतो. जे शास्त्राचा विधी बाजूस ठेवतात, परंतु श्रद्धेने यजन करतात, त्यांची निष्ठा कोणती मानावी, सात्त्विक, राजस की तामस? प्रश्न श्रद्धेविषयीचा आहे. तपाचे नावही अर्जुनाने काढलेले नाही. तथापि उत्तर देताना श्रीकृष्ण भगवंत तीन-चार श्लोकांतच तपावर येतात, आणि तेही तपाची स्तुती करण्यासाठी नव्हे. श्रद्धा चुकीच्या वाटेने गेली म्हणजे काय होते, याचा पहिला विस्तृत दाखला म्हणून ते घोर तप करणाऱ्यांना पुढे उभे करतात. ही गोष्ट आपण लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. श्रद्धेचा अभाव हा येथे दोष नाही. श्रद्धा भरपूर आहे, कष्ट सोसण्याची तयारीही आहे, आणि तरीही अशा माणसांचा निश्चय आसुरी होय असा निर्णय देवांनी दिला आहे.

पाचव्या आणि सहाव्या श्लोकांत या तपाची जी अंगे सांगितली आहेत, ती एकेक करून पाहू. पहिले अंग असे की ते शास्त्राने सांगितलेले नाही, करणाऱ्याने स्वतःच्या मनाने उभारलेले आहे. दुसरे अंग, त्याच्या पाठीशी दंभ आणि अहंकार आहेत. तिसरे अंग, काम आणि आसक्ती यांचे बळ त्यात आहे. म्हणजे जे बळ विषयाकडे धावत होते तेच आता उपवासाकडे धावते आहे, बळाची जात बदललेली नाही. आणि शेवटचे अंग हे की असा मनुष्य शरीरातील भूतसमुदायाला कृश करतो आणि शरीरात असणाऱ्या भगवंतांनाही कृश करतो.

या शेवटच्या अंगापाशी आपल्या पंथातील अभ्यासकाला थोडे थांबावे लागते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत, हा ब्रह्मविद्याशास्त्राचा पाया आहे. मग जीवाने देह सुकविला असता परमेश्वर कृश कसे होतील? त्यांना भूक नाही, क्षयही नाही. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात याचा उलगडा असा केला आहे की भगवंतांची आज्ञा न पाळणे हेच त्यांना कृश करणे होय. अद्वैत मत आपणास मान्य नसले तरी हा उलगडा घेण्यास हरकत दिसत नाही, किंबहुना आपल्या मताला तो अधिकच जुळतो. मनुष्यदेह ज्ञानाला पात्र होण्यासाठी लाभला आहे. तो ज्या कामासाठी दिला, ते काम सोडून त्यालाच शिक्षा करीत बसणे म्हणजे देणाऱ्याच्या हेतूची उपेक्षा करणे आहे. चाकराला शेत नांगरण्यासाठी बैल दिला आणि त्याने तो गोठ्यात बांधून उपाशी मारला, तर त्याने बैलावर अन्याय केला हे खरेच, परंतु धन्याचाही तो अपराधी झाला.

यानंतर चौदा ते सोळा या श्लोकांत कायिक, वाचिक आणि मानसिक असे तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. कायिक तप म्हटले की सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढे काय येते? पंचाग्नी पेटवून मध्ये बसलेला तापस, एका पायावर उभा असलेला हठयोगी, कडाक्याच्या थंडीत उघडा पडलेला बैरागी. आता श्लोकातील यादी पाहावी. देव, द्विज, गुरू आणि प्राज्ञ यांचे पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा. त्यात उपवास नाही, अग्नी नाही, थंडी नाही. शरीराचे तप सांगताना शरीराला होणाऱ्या वेदनेचा एक शब्दही उच्चारलेला नाही. उलट अहिंसा ही शरीराच्या तपात घातली आहे, आणि त्या अहिंसेतून स्वतःचे शरीर वगळावे असे कोठेही म्हटलेले नाही. वाणीचे तप म्हणजे दुसऱ्याला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे व स्वाध्याय. मनाच्या तपाची यादी तर प्रसन्नतेपासून सुरू होते. तपाने ज्याचे मन कडवट होते, त्याने ही पहिली पायरीच ओलांडलेली नाही असे म्हणावे लागेल.

कोणी म्हणेल की मग तप सोपे झाले. ज्याने एक महिना कोणालाही उद्वेग न देता बोलून पाहिले आहे, तो असे म्हणणार नाही. मठात दहा माणसे एकत्र राहतात, पाणी आणण्यावरून, दिवा मालवण्यावरून, पोथी जागेवर न ठेवण्यावरून दिवसातून चार वेळा शब्द जिभेवर येतो. तो गिळावा लागतो, आणि गिळल्यावर मनात धुमसू द्यायचाही नसतो. हे कष्ट निवडून घेतलेले आहेत. ते टाळण्याचा मार्ग नेहमी मोकळा असतो. तपात कष्ट आहेत याविषयी वाद नाहीच. केवळ देहाला क्लेश होतील या भीतीने कर्तव्य टाकणे हा राजस त्याग होय आणि त्याचे फळ मिळत नाही, असे अठराव्या अध्यायात स्पष्ट सांगितलेच आहे. तेव्हा आत्मपीडेचा निषेध करता करता सुखासीनतेची पाठराखण होऊ नये, एवढे भान ठेवून पुढे जाऊ.

सतरा ते एकोणीस या श्लोकांत हेच तप कर्त्याच्या भावाप्रमाणे पुन्हा तीन प्रकारचे होते असे सांगितले आहे. परम श्रद्धेने, फळाची इच्छा न धरता, युक्त चित्ताने केलेले ते सात्त्विक. सत्कार, मान, पूजा यांसाठी दंभाने केलेले ते राजस, आणि ते टिकत नाही. पाहणारे निघून गेले की ते तपही निघून जाते. एकोणिसावा श्लोक तामस तपाचा. मूढग्राहाने, म्हणजे अविचारी हट्टाने, स्वतःला पीडा देऊन जे केले जाते, अथवा दुसऱ्याच्या नाशासाठी जे केले जाते, ते तामस होय.

येथे एक प्रश्न मनात येतो. स्वतःला पीडा देणे आणि दुसऱ्याचा नाश इच्छिणे ह्या दोन अगदी उलट दिशेच्या गोष्टी वाटतात. मग त्या एकाच श्लोकात शेजारी का बसविल्या? संसारी माणसाला याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. आपल्याकडे ‘अन्नावर राग काढणे’ असा प्रयोग आहे. घरात काही बोलाचाली झाली की एखादा ताट सारून उठतो. उपाशी तो स्वतः राहतो, पण त्याचे सारे लक्ष स्वयंपाकघराकडे असते. कोणी विचारावयास येते की नाही, आईच्या घशाखाली घास उतरतो की नाही, हे तो पाहत असतो. पीडा स्वतःला आणि नेम दुसऱ्यावर. आत्मपीडेत हा दुसरा माणूस पुष्कळदा दडलेला असतो. कधी तो घरातला असतो, कधी मठातला, आणि कधी तो स्वतःचाच जुना अपराध केलेला ‘मी’ असतो, ज्याचा सूड आजचा ‘मी’ घेत असतो. सूडाची बुद्धी कोणाहीविरुद्ध असो, ती तामसच.

काही जण साळबर्डीचा दाखला पुढे करतात. श्रीचक्रधर स्वामींनी साळबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे एकांतात काढली असे परंपरा सांगते. मग आपणही देहाला तसेच झिजवू नये काय? याला उत्तर असे की परमेश्वर अवताराला तपाने काही मिळवावयाचे नसते. ईश्वराच्या लीला स्मरणासाठी आहेत आणि त्यांचे वचन आचरणासाठी आहे, हा भेद आपल्या वडील आचार्यांनी नेहमी राखला. लीलांचे अनुकरण करावयाचे म्हटले तर रिद्धपूरचे श्रीगोविंदप्रभूही आहेत. त्यांच्या चरित्रात ते घरोघरी जाऊन हवे ते पदार्थ मागतात, आरोगण करतात, मुलांसारखे खेळतात. साळबर्डी पाहून उपवास करणाऱ्याने रिद्धपूर पाहून पक्वान्ने मागावीत, असे कोणी म्हणत नाही. जो केवळ कठोर लीलाच अनुकरणासाठी वेचून घेतो, त्याने आपल्या मनाचा कल आधी तपासावा.

वचनाकडे वळल्यास, केशोबासांनी संकलित केलेल्या सूत्रपाठात आचाराचे जे प्रकरण आहे, त्यात अटन, विजन, भिक्षा यांचा क्रम लावून दिला आहे. यांपैकी भिक्षेचाच येथे विचार करू, कारण निवडून घेतलेली गैरसोय कशाला म्हणावे हे तिच्याइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

भिक्षेचा विधी बाहेरून पाहता साधा आहे. चारही वर्णांच्या दारी जावे, हे घर श्रीमंताचे ते गरिबाचे असे निवडू नये. काय वाढावे हे सांगू नये. मिळेल ते झोळीत घ्यावे; भात, भाकरी, कालवण, गोड, तिखट सगळे एकत्र होते आणि वेगळी अशी चव उरत नाही. मग पाण्याच्या काठी बसून ते सेवन करावे आणि पुन्हा आपल्या स्मरणाला लागावे. परिचय वाढून आदरसत्कार होऊ लागला की तेथून पुढे जावे. ज्याने हे केले आहे त्याला यातील अवघडपणा ठाऊक आहे. दारात उभे राहून वाट पाहणे, ‘पुढे जा’ हे ऐकणे, उन्हात पाय पोळणे, आणि झोळीत काय आहे हे न पाहता खाणे, या सर्वांत देहाला आणि अभिमानाला दोघांनाही चटका बसतो.

परंतु या विधीत साधकाने नेमके काय निवडले आहे? त्याने चटका निवडलेला नाही. त्याने न निवडणे निवडले आहे. जेवणाची चिंता, चवीची आवड आणि ओळखीचा आधार या तिन्ही गोष्टींतून चित्त मोकळे व्हावे आणि नाम, मूर्ती, लीला, चेष्टा यांच्या स्मरणाला सारा दिवस मिळावा, एवढ्यासाठी तो या वाटेने निघाला. गैरसोय त्या वाटेवर भेटली आणि ती त्याने मान्य केली. एखाद्या दिवशी झोळीत चांगले अन्न पडले तर तेही त्याने तितक्याच निर्विकारपणे खावे.

आता याच भिक्षेत आत्मपीडा कशी शिरते ते पाहावे. एखादा साधक शिळे, आंबलेले अन्नच मुद्दाम मागू लागतो. चांगले वाढले तर परत देतो. जेथे अपमान होईल अशा घरी आधी जातो. पाहणाऱ्याला हा पहिल्यापेक्षा मोठा विरक्त वाटेल. परंतु त्याने निवड सोडलेली नाही, फक्त उलटी केली आहे. पूर्वी तो गोड निवडत होता, आता कडू निवडतो. जिभेचे राज्य कायमच आहे. आहार तुटला तरी विषयाची गोडी आत राहते, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील कथन येथे एका वेगळ्या रीतीने लागू पडते. कडूपणाचीही एक गोडी असते, आणि ती सुटण्यास अधिक कठीण, कारण तिला वैराग्याचे नाव मिळालेले असते.

एक कल्पित उदाहरण घेऊन हा विषय पुढे नेऊ. एका मठात एक तरुण साधक आहे. पंगतीच्या वेळी एका वृद्ध तपस्विनीच्या हातून त्याच्या पानावर आमटी सांडली आणि तो सर्वांदेखत तिला टाकून बोलला. (आपल्या पंथात संन्यस्त स्त्रीला तपस्विनी म्हणतात. हे नाव तिला तिच्या सर्व आचारावरून मिळते, एखाद्या उपवासावरून नव्हे.) रात्री त्याला पश्चात्ताप झाला. त्याने मनाशी ठरविले, तीन दिवस अन्न घेणार नाही आणि उघड्या फरशीवर झोपेन. पहिल्या दिवशी त्याचे स्मरण बरे झाले. दुसऱ्या दिवशी पोथी वाचताना शेजाऱ्याच्या खोकण्याचाही त्याला राग येऊ लागला. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आले की आपण जेवत नाही हे अद्याप कोणी विचारलेले नाही, आणि याचे त्याला फार वाईट वाटले. चौथ्या दिवशी त्याने उपवास आणखी दोन दिवस वाढविला, कारण मन शांत झाले नव्हते. तेव्हा मठाच्या वडील महंतांनी त्याला बोलावून घेतले.

“काय रे, अन्न का घेत नाहीस?”

“बाबा, माझ्या हातून अपराध घडला. मी देहाला दंड देतो आहे.”

“अपराध कोणाचा केलास?”

“बाईंचा.”

“त्यांच्याकडे गेला होतास?”

तो काही बोलला नाही.

“म्हणजे बोलली जीभ, दंड पोटाला, आणि ज्यांना लागले त्या तशाच. हे कोणत्या शास्त्रात आहे?”

महंतांनी त्याला प्रथम जेवावयास लावले, आणि तेही त्या बाईंच्या हातून. त्याआधी पंगतीतच त्याने दंडवत करून क्षमा मागावी असे सांगितले, कारण बोलणे पंगतीत झाले होते. नंतर पंधरा दिवस त्याने वाढपाचे काम करावे, सर्वांचे झाल्यावर शेवटी जेवावे, आणि त्या पंधरा दिवसांत नेहमीच्या स्मरणाखेरीज आणखी एक घटका एकांतात बसावे, असे प्रायश्चित्त दिले. सोळाव्या दिवशी या गोष्टीचा उल्लेख करावयाचा नाही, त्यानेही नाही आणि इतरांनीही नाही.

या दोन मार्गांत कष्ट कोठे अधिक आहेत? उपवासापेक्षा पंगतीत क्षमा मागणे त्या तरुणाला निःसंशय जड गेले असणार. परंतु महंतांनी सांगितलेल्या कष्टांना एक दिशा होती. ज्या ठिकाणी जखम झाली तेथेच ते पोहोचत होते. त्यांचे माप ठरलेले होते आणि त्यांना शेवट होता. मुख्य म्हणजे ते माप दुसऱ्याने ठरविले होते. प्रायश्चित्त अधिकारी पुरुषाकडून घ्यावे, ही आपली रूढी केवळ शिस्तीसाठी आहे असे अनेकांना वाटते. वस्तुतः तिचे कारण खोल आहे. अपराध्याने स्वतःचा न्याय स्वतः करावयाचा ठरविले तर आरोपी तोच, न्यायाधीश तोच आणि दंड देणाराही तोच. असा न्याय कधी अति सौम्य होतो, तर कधी कधीही न संपणारा होतो. त्या तरुणाने चौथ्या दिवशी दोन दिवस वाढविले, यावरून तो कोणत्या वाटेवर होता ते उघड आहे. आत्मपीडेचे माप नेहमी अपुरे वाटते, कारण जे फेडावयाचे ते तिने फिटतच नाही.

येथे देवताभक्ती आणि परमेश्वरभक्ती यांतील भेदही आठवावा. देवता तपाला फळ देतात, ते फळ मर्यादित असते आणि भोगून संपते, असे आपले शास्त्र मानते. तेथे तप म्हणजे एक प्रकारचे मूल्य, इतके सोसले तर इतके मिळेल. परमेश्वराच्या कृपेला असे मूल्य नाही. तेव्हा ‘मी एवढा देह झिजविला, आता माझा दोष फिटला असेल’ असा हिशेब मनात चालू झाला की तोंडाने नाम परमेश्वराचे असले तरी व्यवहार देवतेचा झाला, असे समजावे.

नियम चुकत चालला आहे हे ओळखण्याची एक खूण वडील साधक सांगतात, आणि ती अनुभवाला उतरते. नियम मोडावयास सांगून पाहावे. तप करणाऱ्याला गुरूने ‘आज जेव’ म्हटले तर तो जेवतो; उद्या पुन्हा आपल्या नियमाला लागतो, त्याच्या चित्तात खळबळ होत नाही. आत्मपीडेत गुंतलेल्याला हे जमत नाही. तो सबबी सांगतो, रडकुंडीला येतो, किंवा जेवून मग लपून दुप्पट उपवास करतो. मूढग्राह या शब्दात जो ‘ग्राह’ आहे तो हाच. मगरीच्या पकडीलाही तोच शब्द आहे. माणसाने नियम धरलेला असतो की नियमाने माणसाला, ते अशा वेळी कळते.

देहाविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे येथे अवश्य आहे, कारण श्रद्धावान माणसे या बाबतीत अज्ञानाने संकटात सापडतात. अन्न बंद केल्यावर यकृतात साठलेली साखर सुमारे एका दिवसात संपते. त्यानंतर शरीर चरबी जाळू लागते, आणि तिच्याबरोबर स्नायूंचीही झीज होऊ लागते. या अवस्थेत काहींना एक हलकेपणा वाटतो, भूक मंदावते. ती शरीराची स्वाभाविक क्रिया आहे. तिला सिद्धी किंवा साक्षात्कार समजून उपवास लांबवू नये. मधुमेहाचे औषध किंवा इंजेक्शन घेणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून एक दिवसाचाही कडक उपवास करू नये, कारण रक्तातील साखर अकस्मात उतरून शुद्ध हरपू शकते. पाणी वर्ज्य करण्याचा नियम उन्हाळ्यात कोणीच धरू नये.

उपवास सोडणे हे उपवासापेक्षाही नाजूक असते. पाच-सहा दिवस किंवा अधिक काळ जवळजवळ निराहार राहिलेल्या माणसाने एकदम पोटभर भात आणि गोड खाल्ले तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम हे क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात, त्यामुळे हृदयाची गती बिघडते, श्वास अडखळतो आणि प्रसंगी मृत्यूही येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांना हे प्रकर्षाने आढळले. आपल्याकडे पारण्याला आधी पेज, मग मऊ भात, असा क्रम जुनी माणसे लावीत. तो क्रम योग्य दिशेचाच आहे; मात्र एवढा दीर्घ उपवास झालाच असेल तर तो घरी न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहितो, विशेषतः मठांतील वडील तपस्विनींसाठी व घरातील मातांसाठी. एखादी तरुण मुलगी एकामागून एक व्रते धरते, जेवणाची वेळ चुकविते, सारखी सुकत जाते, तिची मासिक पाळी थांबते, केस गळतात, सदा थंडी वाजते, आणि तरीही आपण जाडच आहोत असे तिला वाटते. अशा वेळी तिच्या वैराग्याचे कौतुक करू नये. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तसेच कोणी स्वतःला चटके देतो, जखमा करून घेतो, किंवा ‘हा पापी देह राहून काय उपयोग’ असे वारंवार बोलू लागतो, तर त्याला निरूपण ऐकवून थांबू नये. त्याला एकटे सोडू नये आणि मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. वैराग्यवान माणसाला देहाची आसक्ती नसते, पण देहाचा तिरस्कारही नसतो. तिरस्कार ही आसक्तीचीच उलटी बाजू आहे. म्हणून केवळ शब्दांवरून न ठरविता माणसाची प्रसन्नता पाहावी. ती हरवली असेल तर गोष्ट तपाची नाही.

शेवटी वृद्ध भिक्षुकांविषयी. ज्यांचे सारे आयुष्य अटनात गेले, त्यांना गुडघे थकल्यावर मठाच्या एका कोपऱ्यात बसून राहावे लागते. अनेकांना याची मोठी खंत वाटते, आणि ती भरून काढण्यासाठी ते औषध नाकारतात, पांघरूण नाकारतात, हिवाळ्यात थंड पाण्याने स्नान करण्याचा आग्रह धरतात. त्यांच्या निष्ठेविषयी आदर बाळगूनही सांगावेसे वाटते की भिक्षेच्या झोळीत जे पडेल ते घ्यावयाचे असे त्यांनी तारुण्यात स्वीकारले होते, आणि आता झोळीत औषध पडले आहे. तरुण साधकाच्या हातून कोमट पाणी घेणे, त्याने पाय चेपू देणे, आपल्याला उठवून बसवावे लागते हे मान्य करणे, यात अभिमानाला जो चटका बसतो तो त्यांनी पूर्वी परक्या दारात सोसलेल्या चटक्यापेक्षा कमी नाही. अटन थांबल्यावरही त्यांच्या वाट्याला आलेला हा आचार तितकाच खरा आहे, आणि त्यासाठी गार पाण्याचा घडा लागत नाही.